31 मार्चचे पगाराचे देणे: तेरजेत पीएफ 36,000, चलन मात्र 75,000

काजूबी · 8 एप्रिल 2025, रात्री 9:40

नमस्कार. वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू प्रक्रिया कारखान्याचा हिशोब मी गेल्या नोव्हेंबरपासून पाहते. वर्षअखेरीची तेरीज काढताना पगाराशी संबंधित तीन खात्यांवर मी अडले आहे.

मार्चच्या पगारपत्रकावर 24 माणसे आहेत. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 3,00,000 आणि इतर भत्ते 60,000, म्हणजे एकूण पगार 3,60,000 रुपये होतो. 31 मार्चला मी केलेली नोंद अशी होती: पगार खर्च नावे 3,60,000, त्यासमोर पीएफ देणे जमा 36,000, ईएसआय देणे जमा 2,520, व्यवसाय कर देणे जमा 4,800, शिमग्याला दिलेल्या उचलीची वसुली 12,000 आणि उरलेले 3,04,680 पगार देणे जमा. ईएसआयमध्ये 23 जणच आहेत, कारण सुपरवायझरचा पगार 24,000 आहे. बाकीच्यांच्या 3,36,000 वर पाऊण टक्का धरला.

काल, म्हणजे 7 तारखेला, बँकेतून पगार गेला तो 3,04,669. त्यामुळे पगार देणे खात्यात 11 रुपये लटकून राहिले. पीएफचे चलन तयार केले ते 75,000 चे आणि ईएसआयचे 13,451 चे. आमच्याकडे आजवर अशी पद्धत आहे की, चलनातील जास्तीची रक्कम भरण्याच्या दिवशी "पीएफ-ईएसआय खर्च" म्हणून टाकायची. सीएच्या कार्यालयातील मुलाने मात्र विचारले की 31 मार्चच्या ताळेबंदात हे 39,000 कुठे आहेत, आणि मला उत्तर देता आले नाही.

मालकांचे म्हणणे आहे, "अकरा रुपयांसाठी कित्याक जीव काढतंस?" पण मला ते अकरा रुपयेसुद्धा हवे आहेत.

---

होडीवाला · 8 एप्रिल, रात्री 10:15

ताई, हाच घोळ माझ्याही पीएफ पासबुकात आहे. माझ्या पगारातून 1,800 कापतात, कंपनीही तेवढेच घालते असे सांगतात, पण पासबुकात कंपनीच्या रकान्यात 550 च दिसतात. बाकीचे 1,250 कंपनीने खाल्ले असणार. तुम्ही निदान चलन तरी पूर्ण भरा.

---

खतावणी · 8 एप्रिल, रात्री 11:05

होडीवाला, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण उत्तर सोपे असल्यामुळे आधी तेच देतो. कंपनीच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात, आणि ते 15,000 रुपयांच्या मर्यादेवर मोजतात. तेच तुमचे 1,250. ते पासबुकात वेगळ्या रकान्यात असतात. कोणी खाल्लेले नाहीत.

काजूबीताई, आता तुमच्याकडे वळू. तुम्ही एकूण पगार खर्चात धरलात हे बरोबर केलेत. निव्वळ हातात पडलेला पगार खर्चात टाकणारे कितीतरी आहेत. मात्र तुमची नोंद पगारपत्रकाच्या खालच्या ओळीपाशी थांबली आहे. पगारपत्रकात कामगाराच्या पगारातून काय कापले एवढेच असते. मालकाने स्वतःच्या खिशातून काय घालायचे ते त्यात नसते, आणि तरीही ते देणे त्याच दिवशी, मार्चचे काम झाले त्यामुळेच, उभे राहते. 15 एप्रिल ही ते भरण्याची मुदत आहे, ते निर्माण होण्याची तारीख नव्हे.

तुमचे 39,000 असे सुटतात. 3,00,000 वर मालकाचा 12 टक्के हिस्सा 36,000, कामगारांच्या ठेवसंलग्न विम्याची अर्धा टक्का वर्गणी 1,500 आणि प्रशासकीय खर्च अर्धा टक्का 1,500. कामगारांचे 36,000 मिळवले की 75,000. कोणाचाही मूळ पगार 15,000 च्या वर नसेल तर चलन नेहमी पीएफच्या पगाराच्या बरोबर चौथ्या हिश्श्याइतके येते. दरमहा डोळ्यांखालून घालायला ही सोपी खूण आहे.

अकरा रुपयांबद्दल माझा अंदाज असा की तुम्ही पाऊण टक्का बेरजेवर काढलात आणि पगारपत्रकाने तो माणसागणिक काढला. ईएसआयमध्ये प्रत्येक कामगाराची वर्गणी पुढच्या पूर्ण रुपयापर्यंत वाढवतात. 23 माणसांमध्ये मिळून 11 रुपये वाढणे अगदी स्वाभाविक आहे. पगारपत्रकाच्या ईएसआय रकान्याची बेरीज पाहा. ती 2,531 असली पाहिजे.

दोन प्रश्न आहेत. 24 जणांपैकी स्त्रिया किती? आणि सुपरवायझरचा पगार 21,000 च्या वर नेमका कोणत्या महिन्यात गेला?

---

देवगडकर · 9 एप्रिल, सकाळी 8:20

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या आंबा कॅनिंगच्या धंद्यात मीही वर्षानुवर्षे मालकाचा हिस्सा चलन भरताना खर्चात टाकत आलो आहे. वर्षात चलने बाराच भरली जातात: मागच्या मार्चचे एप्रिलमध्ये आणि या फेब्रुवारीचे मार्चमध्ये. खर्च बारा महिन्यांचाच दिसतो, नफ्यात फरक काही पडत नाही. उलट आता या मार्चचा हिस्सा यंदा धरला, तर मागच्या मार्चचा गेल्या एप्रिलमध्ये टाकलेला आहेच, म्हणजे एका वर्षात तेरा महिने होतील. मग चूक कोणती म्हणायची?

---

काजूबी · 9 एप्रिल, दुपारी 1:30

खतावणी सर, बेरीज 2,531 च आहे! जेवणाच्या सुट्टीत पगारपत्रक पुन्हा उघडून पाहिले.

स्त्रिया 16 आहेत, सगळ्या सोलणी आणि प्रतवारीवर, पुरुष 8. सुपरवायझरचा पगार गेल्या सप्टेंबरपासून वाढला. त्याची ईएसआय ऑक्टोबरपासून बंद झालेली दिसते, मी येण्याआधीच.

पीएफच्या चलनावर खाते क्रमांक 1 मध्ये 47,008, क्रमांक 10 मध्ये 24,992, क्रमांक 2 आणि 21 मध्ये प्रत्येकी 1,500 असे आहे. ही खाती पुस्तकातही वेगळी ठेवायची का?

---

खतावणी · 9 एप्रिल, रात्री 9:50

सुपरवायझरचे ठीक आहे. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा सहा-सहा महिन्यांचा असतो, आणि काळाच्या मध्येच कोणी 21,000 ओलांडले तरी तो काळ संपेपर्यंत वर्गणी चालू ठेवावी लागते. त्याने सप्टेंबरमध्ये ओलांडले आणि तो ऑक्टोबरमध्ये बाहेर पडला, हे योग्य झाले. हीच वाढ जानेवारीत मिळाली असती तर मार्चअखेरपर्यंत त्याची ईएसआय कापावी लागली असती आणि तुमचे सगळे आकडे बदलले असते.

चलनावरील खाती पुस्तकात वेगळी नकोत. क्रमांक 1 मध्ये कामगाराचे 36,000 आणि मालकाच्या हिश्श्यातले निवृत्तिवेतन वजा जाता उरलेले एकत्र येतात, त्यामुळे ती विभागणी पुस्तकात आणली तर उलट कोणाचे किती हेच दिसेनासे होते. पीएफ देण्याची दोनच पोटखाती ठेवा: एक कामगारांकडून कापलेल्या रकमेचे, दुसरे मालकाच्या हिश्श्याचे आणि खर्चाचे. हा भेद का ठेवायचा ते शेवटी सांगतो.

आता व्यवसाय कर. तुम्ही 4,800 कापले, म्हणजे चोवीसही जणांचे प्रत्येकी 200. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून स्त्रियांना महिना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. त्याआधी ही मर्यादा 10,000 होती. तुमच्या पगारपत्रकाचा साचा तेव्हाचा असणार आणि तो कोणी बदलला नाही. खरे देणे आठ पुरुषांचे 1,600. उरलेले 3,200 सरकारचे नाहीत, त्या सोळा बायकांचे आहेत. ते कर देण्यातून काढून कामगारांच्या देण्यात आणा आणि या महिन्यातच परत करा.

म्हणजे 31 मार्चच्या तारखेने तीन दुरुस्त्या होतात. पहिली, मालकाचा हिस्सा खर्च नावे 49,920. पीएफ देणे जमा 39,000 आणि ईएसआय देणे जमा 10,920 (3,36,000 वर सव्वातीन टक्के). दुसरी, पगार देणे नावे 11, ईएसआय देणे जमा 11. तिसरी, व्यवसाय कर देणे नावे 3,200, कामगारांना परतफेड देणे जमा 3,200.

यानंतर 31 मार्चला उरलेले देणे असे दिसेल: पगार 3,04,669, परतफेड 3,200, पीएफ 75,000, ईएसआय 13,451, व्यवसाय कर 1,600. बेरीज 3,97,920. आता दुसऱ्या बाजूने पडताळा. एकूण पगार 3,60,000 अधिक मालकाचा हिस्सा 49,920 म्हणजे मार्चमध्ये ही माणसे कारखान्याला 4,09,920 ला पडली. त्यातले 12,000 उचलीच्या रूपाने शिमग्यालाच दिलेले आहेत. वजा केले की 3,97,920. उचल हा खर्च नव्हे, ती कामगारांकडून येणे होती आणि ती पगारात वळती झाली, एवढेच.

---

खतावणी · 9 एप्रिल, रात्री 10:30

देवगडकर, तुमच्यासाठी वेगळा प्रतिसाद लिहितो, कारण तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. दरवर्षी तीच पद्धत ठेवली तर नफ्यातला फरक दोन मार्चमधल्या फरकाएवढाच राहतो, हे खरे. पण काजू आणि आंबा या दोन्ही धंद्यांत मार्च हा नेमका हंगाम उघडण्याचा महिना. एखाद्या वर्षी मोहोर लांबतो आणि मार्चमध्ये निम्मी माणसे असतात, दुसऱ्या वर्षी ती पूर्ण भरलेली असतात. बारमाही कारखान्यात जी चूक झाकली जाते, ती इथे झाकली जात नाही.

शिवाय नफा बाजूला ठेवला तरी ताळेबंदात मालकाच्या हिश्श्याचे देणे दरवर्षी संपूर्णपणे गायब असते, फरकाएवढे नव्हे. काजूबीताईंच्या ताळेबंदात 49,920 चे देणे नाही, आणि बँक तोच ताळेबंद पाहून खेळत्या भांडवलाचे कर्ज ठरवते.

तेरा महिन्यांचा मुद्दा मात्र तुम्ही अचूक पकडलात. पद्धत बदलण्याच्या वर्षी तो येणारच.

---

काजूबी · 10 एप्रिल, सकाळी 7:45

मार्च 2024 चा मालकाचा हिस्सा गेल्या एप्रिलमध्ये 38,400 असा खर्चात पडलेला सापडला. मग तो यंदाच्या खर्चात तसाच ठेवायचा की मागील वर्षाचा खर्च म्हणून वेगळा दाखवायचा?

---

देवगडकर · 10 एप्रिल, सकाळी 9:10

माझ्या मते वेगळा दाखवू नये. आमचे सीए म्हणतात की एवढ्या रकमेसाठी वेगळी ओळ कशाला.

---

खतावणी · 10 एप्रिल, दुपारी 2:00

मी असतो तर वेगळी दाखवली असती, नाहीतर पुढच्या वर्षी तुलना करताना यंदाचा हिस्सा पगाराच्या मानाने फुगलेला दिसेल आणि कारण कोणालाच आठवणार नाही. पण आयकराच्या हिशोबात ती रक्कम कोणत्या वर्षी वजावट म्हणून मिळेल, हे तुमच्या लेखापरीक्षकांनीच त्या वर्षाची कागदपत्रे पाहून ठरवावे. इथे बसून ते सांगणे बरे नव्हे.

---

हर्णैचा वारा · 10 एप्रिल, रात्री 8:25

धागा वाचून मला माझेच हॉटेल आठवले. आमच्याकडे पीएफपेक्षा पतपेढीच्या हप्त्यांनी गोंधळ केला. सहा कामगारांच्या कर्जाचे हप्ते आम्ही पगारातून कापून पतपेढीत भरतो. 2023 च्या पावसाळ्यात पर्यटक नव्हते, हाती रोकड नव्हती, म्हणून दोन महिने हप्ते कापले पण भरले नाहीत. पुस्तकात मी "इतर देणी" या एकाच खात्यात सगळे टाकत होतो. त्यात दुधवाला होता, गॅसवाला होता आणि हे हप्तेही होते. सप्टेंबरमध्ये एका कामगाराला पतपेढीची थकबाकीची नोटीस आली, तेव्हा कळले की आम्ही काय करून ठेवले आहे. दंडव्याज आम्ही भरले, पण त्या माणसाची शरम आम्ही कशी भरून देणार?

तेव्हापासून जे जे कामगाराकडून कापले जाते, त्याचे प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवतो. पण माझा एक प्रश्न आहे. पीएफ उशिरा भरला तर नुसते व्याजच लागते ना? तसे असेल तर पावसाळ्यात एखादा महिना तो पुढे ढकलणे बँकेच्या कर्जापेक्षा स्वस्त पडेल असे वाटते.

---

खतावणी · 10 एप्रिल, रात्री 10:40

नाही पडणार, आणि मघाशी दोन पोटखाती ठेवायला सांगितली ती याचसाठी.

उशिरा भरलेल्या पीएफवर वार्षिक 12 टक्के व्याज आहेच, त्याशिवाय नुकसानभरपाईची आकारणी वेगळी. पण मोठा फटका आयकरात बसतो. मालकाचा स्वतःचा हिस्सा उशिरा का होईना, विवरणपत्र भरण्याच्या मुदतीआधी भरला तर त्याची वजावट मिळते. कामगाराकडून कापलेला हिस्सा मात्र आधी मालकाचे उत्पन्न समजला जातो आणि तो त्या-त्या कायद्याच्या मुदतीत, म्हणजे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, भरला तरच वजा होतो. 16 तारखेला भरला तर ती वजावट कायमची गेली. पुढच्या वर्षीही मिळत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केले. त्याआधी उच्च न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी होते, त्यामुळे "विवरणपत्राआधी भरले की चालते" असे सांगणारे लोक अजून भेटतात.

काजूबीताईंच्या बाबतीत म्हणजे 36,000 आणि 2,531 हे दोन आकडे 15 एप्रिलच्या आत गेले नाहीत, तर 38,531 रुपयांवर विनाकारण कर लागेल, तोही दुसऱ्याच्या पैशांवर. उरलेल्या 49,920 ला ती टांगती तलवार नाही. लेखापरीक्षण अहवालात कापलेल्या प्रत्येक महिन्याच्या रकमेसमोर मुदतीची तारीख आणि भरल्याची तारीख लिहावी लागते, त्यामुळे लपवण्याची सोय नाही. आणि ताई, यंदा 12 तारखेला दुसरा शनिवार, मग रविवार, आणि 14 ला आंबेडकर जयंती आहे. मंगळवारवर विसंबू नका.

---

सुरंगी · 11 एप्रिल, दुपारी 12:20

व्यवसाय कराबद्दल एक गोष्ट राहून गेली असे वाटते. लहान मालक हा कर वर्षातून एकदा, मार्च ते फेब्रुवारी या पगारांचा मिळून 31 मार्चपर्यंत भरतात. तुम्ही तसे करत असाल, तर मार्चची चुकीची कपात हातात आहे, पण आधीच्या बारा महिन्यांची भरूनसुद्धा झाली असेल. फेब्रुवारीत 300 कापले असतील, म्हणजे एका बाईमागे वर्षाला 2,500.

---

काजूबी · 11 एप्रिल, रात्री 9:15

सुरंगीताई, तुमची शंका खरी ठरली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 60,000 भरले होते, ते चोवीसही जणांचे. सोळा बायकांचे 40,000 त्यात गेले. त्याआधीच्या वर्षीही असेच झालेले दिसते. मी घाईत जुना साचा तसाच वापरला, ही माझीही चूक आहे.

मालकांना कागद दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले की बायकांचे पैसे आधी द्या, सरकारकडून येतील तेव्हा येतील. पण पुस्तकात ते 40,000 सरकारकडून येणे दाखवायचे की खर्च?

---

सुरंगी · 12 एप्रिल, सकाळी 10:05

आम्ही एकदा जास्त भरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या भरण्यात वळती करून घेतली होती, पण ती आमचीच बेरजेची चूक होती आणि रक्कम लहान होती. इथे दोन वर्षांचा प्रश्न आहे.

---

खतावणी · 12 एप्रिल, दुपारी 4:30

पैसे परत मिळण्याची खात्री कागदोपत्री होत नाही तोवर मी ते येणे म्हणून दाखवणार नाही. कामगारांचे देणे मात्र निःसंशय आहे, ते आजच पूर्ण दाखवा, आणि आधीच्या वर्षाचेही मोजून त्यात घाला. देवगडकर कदाचित सहमत होणार नाहीत.

---

देवगडकर · 12 एप्रिल, सायंकाळी 6:50

होणार नाहीच. कर चुकून भरला गेला आहे, तो मागण्याचा हक्क आहे, मग तो येणेच. नाहीतर यंदाचा नफा विनाकारण कमी दिसेल. सीएंना विचारून इथे नक्की कळवा.

एक प्रामाणिक कबुली देतो. काल रात्री मी आमची पीएफ देणे खतावणी उघडली. 1,440 रुपयांची जमा शिल्लक गेल्या जूनपासून तशीच पडून आहे.

---

खतावणी · 12 एप्रिल, रात्री 9:30

1,440 म्हणजे 12,000 वरचे 12 टक्के. एका माणसाचा एका महिन्याचा हिस्सा कापला गेला आहे आणि तो चलनात चढलेला नाही. जूनमध्ये नवीन लागलेला किंवा सोडून गेलेला कोण ते पाहा. बहुतेक त्याचा यूएएन जुळला नसेल आणि नाव नंतर टाकू म्हणून राहिले असेल. शिल्लक रुपया-दोन रुपयांची असती तर मी पूर्णांकाचे कारण धरले असते, 200 च्या पटीत असती तर व्यवसाय कराचे.

---

काजूबी · 13 एप्रिल, सकाळी 11:00

काल सुट्टीच्या दिवशी बसून पीएफ आणि ईएसआय दोन्ही चलने भरली. दोन्ही देणे खाती शून्य झाली आणि पगार देणेही. व्यवसाय कराच्या खात्यात आठ पुरुषांचे 1,600 आहेत, ते पुढच्या वर्षाच्या भरण्यापर्यंत राहतील. परतफेडीच्या खात्यात 43,200 आहेत आणि 2023-24 चे पगारपत्रक अजून कपाटात शोधते आहे. सीए बुधवारी भेटणार आहेत.

---

देवगडकर · 13 एप्रिल, दुपारी 3:15

माणूस सापडला. बॉयलरवरचा मुलगा, जूनमध्ये एकच महिना होता, मग गोव्याला गेला. आता त्याचा फोन नंबर शोधतो आहे.